प्रोबायोटिक दही, ताक, लस्सी घेताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाकिटावर ‘प्रोबायोटिक’ किंवा ‘विरजणापासून तयार’ एवढे वाचून आतले जिवाणू जिवंत आहेत असे गृहीत धरणे. ताक किंवा लस्सीचे पाकीट फ्रीजबाहेरच्या फळीवर ठेवलेले असेल आणि त्यावर काही महिन्यांची मुदत छापलेली असेल, तर ते विरजण लागल्यानंतर पुन्हा तापवलेले असते, असे समजायला हरकत नाही. त्या उष्णतेत जिवाणू मरतात. असे पेय पिण्यास सुरक्षित असते, मात्र प्रोबायोटिक म्हणून त्याचा उपयोग नाही. बारीक अक्षरांत ‘आंबवल्यानंतर उष्णताप्रक्रिया केलेले’ अशा अर्थाचा मजकूर आहे का, तेही पाहावे.

उलट, प्रत्येक ताजे दही प्रोबायोटिकच असते, हा समजही चुकीचा आहे. साध्या विरजणातही जिवंत जिवाणू असतात, परंतु ज्यांचा आरोग्यास होणारा लाभ तपासून सिद्ध झाला आहे आणि जे पुरेशा संख्येने दिले जातात, अशाच जिवाणूंना प्रोबायोटिक म्हणतात. म्हणून लेबलवर जिवाणूचे पूर्ण नाव, त्यापुढे त्या विशिष्ट वाणाची अक्षरे वा अंक आणि ‘सीएफयू’ म्हणजे जिवंत जिवाणू मोजण्याच्या एककात दिलेली संख्या शोधावी. ती संख्या मुदत संपेपर्यंतची असेल तर उत्तम. केवळ उत्पादनाच्या वेळची असेल तर तिचा फारसा भरवसा धरू नये, कारण साठवणीत ही संख्या घटत जाते.

साखरेचा हिशेब करताना बरेच जण १०० मिलीचा आकडा वाचून थांबतात. समजा, लस्सीच्या २०० मिलीच्या पाकिटावर १०० मिलीमागे एकूण साखर १३ ग्रॅम लिहिली आहे. म्हणजे पूर्ण पाकिटात २६ ग्रॅम झाली. त्यातील सुमारे ६ ते ८ ग्रॅम दुधातील नैसर्गिक लॅक्टोज धरले, तरी वरून घातलेली साखर १८ ते २० ग्रॅम, म्हणजे साधारण चार-पाच चमचे उरते. ‘घातलेली साखर’ वेगळी छापलेली असल्यास हा अंदाज करावा लागत नाही. लहान बाटलीतील प्रोबायोटिक पेयांनाही हाच हिशेब लावावा, कारण त्यांतील काही चांगलीच गोड असतात. मसाला ताकात साखर सहसा नसते. तिथे मिठाचे प्रमाण पाहावे.

ताजेपणाबाबत लोक नको त्या गोष्टीला घाबरतात. दह्यावर सुटलेले पाणी म्हणजे निवळी. ती खराबीची खूण नव्हे. आंबटपणाही दिवसागणिक वाढतोच. झाकण किंवा पाकीट फुगलेले असेल, उघडल्यावर बुडबुडे येत असतील, ताडीसारखा वास येत असेल किंवा रंगीत ठिपके दिसत असतील, तर मात्र ते टाकून द्यावे, कारण त्यात यीस्ट किंवा बुरशी वाढलेली असते. दुकानात फ्रीजमध्ये ठेवायचे पाकीट हाताला गार लागले नाही, तर छापील मुदत कितीही शिल्लक असली तरी ते घेऊ नये, कारण ती मुदत सतत थंड साठवणीच्या अटीवरच दिलेली असते.