फोन वाजतो, ऑर्डर येत नाही: घाऊक धंद्यासाठी प्लॅटफॉर्म निवडताना या चुका टाळा

माझ्या भाच्याने सोलापुरात टॉवेलचा घाऊक धंदा सुरू केला. माल हॉटेल, लॉज आणि सलूनला द्यायचा, किरकोळ विक्री करायची नाही, हे त्याचं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. मात्र माल दाखवायला त्याने एकदम सहा ठिकाणं धरली: घाऊक खरेदीदार आणि पुरवठादार जोडून देणाऱ्या दोन वेबसाइट म्हणजे बी-टू-बी डिरेक्टऱ्या, इन्स्टाग्राम, फेसबुक, लिंक्डइन आणि व्हॉट्सअ‍ॅप. तीन महिन्यांनी मला म्हणाला, "मामा, फोन दिवसभर वाजतो, पण माल हलत नाही."

त्या तीन महिन्यांच्या सगळ्या चौकश्या आम्ही एका वहीत उतरवल्या. एकूण 127 भरल्या. आकडा बघून त्याला बरं वाटलं, आणि पहिली चूक नेमकी तिथेच होती.

चूक पहिली: चौकश्या मोजणं

घाऊक धंद्यात चौकशीनंतर चार पायऱ्या येतात: कोटेशन, सॅम्पल, पहिली ऑर्डर आणि दुसरी ऑर्डर. प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी हे चार रकाने वेगळे ठेवले की कुठे काय अडलंय ते दिसतं. आमच्या वहीत असं निघालं:

इन्स्टाग्राम आणि फेसबुक मिळून 48 चौकश्या आल्या. त्यातल्या 41 जणांना घरासाठी एक-दोन टॉवेल हवे होते. ऑर्डर एकही नाही. लिंक्डइनवर सहा जणांशी बोलणं झालं, एक सॅम्पल गेलं, पुढे काही नाही. दोन्ही डिरेक्टऱ्यांवरून 62 चौकश्या, नऊ सॅम्पल, चार ऑर्डरी, आणि त्या चौघांपैकी दोघांनी पुन्हा माल मागवला. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त 11 चौकश्या होत्या, त्याही ओळखीतून किंवा जुन्या पार्टीने नंबर दिला म्हणून आलेल्या. त्यातून पाच सॅम्पल, चार ऑर्डरी आणि तीन पुनर्ऑर्डरी.

भाचा म्हणाला, मग व्हॉट्सअ‍ॅप पुरे की. पण व्हॉट्सअ‍ॅप अनोळखी गिऱ्हाईक शोधून आणत नाही, आलेलं टिकवतं. शोधायला डिरेक्टरी आणि टिकवायला व्हॉट्सअ‍ॅप, अशी जोडी आम्ही ठरवली. दुसऱ्या डिरेक्टरीवरच्या 13 चौकश्यांपैकी एकही सॅम्पलपर्यंत गेली नव्हती, म्हणून ती सोडली.

चूक दुसरी: आपण जिथे वावरतो तिथेच गिऱ्हाईक आहे असं धरणं

भाचा स्वतः इन्स्टाग्रामवर असतो, म्हणून त्याने तिथे सगळ्यात जास्त वेळ घातला होता. हॉटेलची खरेदी वेगळ्या रीतीने होते. टॉवेल विरले की हाउसकीपिंगचा माणूस मागणी टाकतो, मालक किंवा पर्चेस मॅनेजर दोन-तीन दर मागवतो, सॅम्पल लॉन्ड्रीत धुवून बघतो आणि मग ठरवतो. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी तो माल शोधतो. रिकाम्या वेळी रील बघताना टॉवेलचा पुरवठादार ठरत नाही.

म्हणून प्लॅटफॉर्म निवडायच्या आधी दहा खऱ्या खरेदीदारांना फोन करा आणि एकच विचारा: "मागचा पुरवठादार तुम्हाला कसा सापडला होता?" "तुम्ही कोणतं अ‍ॅप वापरता?" असं विचारू नका, त्यावर सगळेच सगळ्यांची नावं घेतात. आम्ही फोन केले तेव्हा दहापैकी पाच जण ओळखीचं नाव सांगत होते, चौघांनी ऑनलाइन शोधलं होतं आणि एकाकडे एजंट येतो.

मालागणिक हे उत्तर बदलतं. बुटीकला साड्या किंवा ड्रेस घाऊक देणाऱ्याला इन्स्टाग्राम खरंच चालतं, कारण तिथे दुकानाची मालकीण डिझाइन बघूनच पुढे बोलते. टॉवेलमध्ये बघण्यासारखं फार नसतं, हातात घेऊन आणि धुवून कळतं.

चूक तिसरी: प्लॅटफॉर्म बरोबर, पण माहिती अर्धवट

डिरेक्टरीवरच्या 62 चौकश्यांपैकी 25 जण चार-सहा नग मागत होते. दोष प्लॅटफॉर्मचा नव्हता. भाच्याने "कॉटन टॉवेल, उत्तम दर्जा, दरासाठी संपर्क" एवढंच लिहिलं होतं. त्यावरून हा घाऊकवाला आहे हे कोणाला कसं कळणार?

आम्ही प्रत्येक मालाची नोंद वेगळी केली. हॉटेलचा बाथ टॉवेल, 75 बाय 150 सेंमी, 450 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम वजन, पांढरा, किमान ऑर्डर 60 नग, दराचा पल्ला, माल सोलापूरहून ट्रान्सपोर्टने. सलूनच्या छोट्या टॉवेलची नोंद निराळी.

जीएसएम लिहिताना वजन ताडून बघा, कारण जाणकार खरेदीदार ते ताडतोच. 75 बाय 150 सेंमी म्हणजे 1.125 चौरस मीटर. त्याला 450 ने गुणलं की टॉवेल साधारण 506 ग्रॅम भरायला हवा. सॅम्पल 400 ग्रॅमचं निघालं तर खरं जीएसएम 355 च्या आसपास येतं, आणि ती पार्टी पुन्हा फोन उचलत नाही. सॅम्पलपर्यंत गाडी येते आणि तिथेच थांबते असं वहीत दिसलं, तर प्लॅटफॉर्म बदलण्याआधी वजनकाटा बघा.

कोटेशनवरच अडत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, वेळ. डिरेक्टरीवरची एकच मागणी अनेक पुरवठादारांकडे जाते, त्यामुळे संध्याकाळी केलेल्या फोनला "झालं आमचं" असं उत्तर मिळतं. मेसेज टाकून वाट बघण्यापेक्षा लगेच फोन करा. दोन, अंतर. लांबच्या राज्यातल्या 60 नगांच्या ऑर्डरीवर भाडं इतकं चढतं की तिथल्या व्यापाऱ्याशी दरात जुळत नाही. भाच्याने सुरुवातीला पुणे, कोल्हापूर, विजापूर, हैदराबाद एवढाच पट्टा धरला.

नव्या नोंदींनंतरच्या तीन महिन्यांत चालू ठेवलेल्या डिरेक्टरीवरच्या चौकश्या 49 वरून 34 वर आल्या. तो घाबरला. ऑर्डरी मात्र चारवरून सात झाल्या होत्या.

चूक चौथी: व्हॉट्सअ‍ॅपचा भोंगा करणं

रोज सकाळी सगळ्यांना फोटो पाठवले की लोक म्यूट करतात किंवा ब्लॉक करतात. शिवाय ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. म्हणून पहिल्या फोनवरच "नंबर फर्मच्या नावाने सेव्ह करून ठेवा" हे सांगायचं.

भाच्याने बिझनेस अ‍ॅपमध्ये लेबलं लावली: सॅम्पल गेलं, पहिली ऑर्डर, पुनर्ऑर्डर, पैसे बाकी. सलूनवाल्याचा माल लवकर संपतो, लॉजवाल्याचा उशिरा. मागच्या ऑर्डरीच्या तारखेवरून ज्याची वेळ झाली त्यालाच मेसेज: "मागच्या वेळी 120 नग नेले होते, अजून किती शिल्लक आहेत?" याला उत्तर येतं. कॅटलॉगमध्ये सहाच माल ठेवले.

गिऱ्हाईकांची नावं, नंबर आणि ऑर्डरी मात्र अ‍ॅपवर सोडू नका, वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. खातं कधी बंद पडलं तर पार्ट्या हाताशी राहतात.

एखादा प्लॅटफॉर्म सोडायचा की नाही ते किमान तीन महिन्यांनी ठरवा, कारण सॅम्पल धुवून बघण्यात आणि मालकाचा होकार मिळण्यातच काही आठवडे जातात. भाच्याने लिंक्डइन सध्या बाजूला ठेवलंय. साखळी हॉटेलच्या पर्चेस खात्यापर्यंत पोचायला ते उपयोगी आहे, पण मोठ्या हॉटेलला माल उधारीवर द्यावा लागतो, आणि तेवढं भांडवल अडकवायची त्याची आज ताकद नाही.