वीजबिल वहीत उतरवताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीत घरखर्चाची वही ठेवणारे चार-पाच जण आहेत. सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. बिल आलं की खालचा ठळक आकडा उचलायचा आणि 'वीज' या रकान्यात टाकायचा. त्या आकड्यात मागची थकबाकी असू शकते. गेल्या महिन्याचं बिल भरायचं राहिलं असेल, तर तोच खर्च वहीत दोनदा चढतो. म्हणून मी चालू बिलाची रक्कम खर्चात लिहितो, आणि भरायची रक्कम शेवटच्या तारखेसह शेजारी.

पण माझा खरा राग आहे तो रीडिंग न बघता युनिट उतरवण्यावर. राग अर्थात स्वतःवरचाच. एका मे महिन्यात आम्ही गावी होतो, मीटर दाराच्या आत, घराला कुलूप. बिल आलं 180 युनिटचं. ते सरासरीचं होतं. चालू आणि मागील रीडिंग दोन्ही 8412, म्हणजे मीटर कुणी पाहिलाच नव्हता. मी मात्र 180 लिहून मोकळा झालो. जूनमध्ये खरं रीडिंग 8640 आलं, बिलावर युनिट 228. तेही लिहिले. दोन महिन्यांचे 408! फ्रिजच वीज खातोय म्हणून मेकॅनिक बोलावला, दाराचं रबर बदललं, बायकोची बोलणी खाल्ली. मीटर फिरला होता 228च, तोही दोन महिन्यांत मिळून. सरासरी बिलाची वजावट जूनच्या रकमेत दिली होती, युनिटच्या रकान्यात ती दिसत नव्हती.

तेव्हापासून बिलावरच्या युनिटआधी मी दोन रीडिंगची वजाबाकी करतो. जुळली नाही, किंवा रीडिंगच्या जागी 'लॉक', 'फॉल्टी' असा शेरा दिसला, की ते युनिट पेन्सिलने. खरं रीडिंग आलं की पेनाने. शिवाय दर 1 तारखेला मीटरचा फोटो काढतो. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने बदलतात, तेव्हा शेजारी `kWh` दिसेपर्यंत थांबायचं. दहा सेकंदही न थांबता व्होल्टेजचा आकडा टिपून आणणारे महाभाग आमच्याकडे आहेत.

दुसरं, 'जूनचं बिल' म्हणजे जूनचा वापर नव्हे. माझं ते रीडिंग 8 जूनचं, त्याआधीचं खरं रीडिंग 8 एप्रिलचं. मधले दिवस 61, म्हणजे रोजचे पावणेचार युनिट. महिन्यांची तुलना करायची तर याच आकड्याने करा. 28 दिवसांचं बिल 34 दिवसांच्या बिलाशेजारी ठेवून 'वापर वाढला' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

सुरक्षा ठेवीचं बिल वेगळं येतं, ते वीजखर्चात धरू नका. आणि पाइपच्या गॅसचं बिल दोन महिन्यांचं येत असेल, तर निम्मं करून दोन्ही महिन्यांत टाका.