क्यू-टेनच्या गणितात मार्क कुठे जातात? या चुका टाळा

प्रश्न ठरलेला असतो. चकलीचं पाकीट 40 अंशांना 54 दिवसांत खवट होतं आणि 55 अंशांना 16 दिवसांत. मुंबईतल्या दुकानात, 30 अंशांना, ते किती दिवस टिकेल?

वाचून झालं की निम्मी मुलं 54 भागिले 16 करतात, 3.375 येतं आणि त्यालाच क्यू-टेन म्हणून मोकळी होतात. अहो, नावातच दहा आहे! तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग किती पट होतो, तो क्यू-टेन. हा आकडा 15 अंशांच्या फरकाचा आहे, तो आधी दहा अंशांवर आणायचा:

```
Q10 = (θ1/θ2)^(10/(T2−T1))
    = (54/16)^(10/15) = 2.25
```

θ1 म्हणजे कमी तापमानाची शेल्फ लाइफ. आता 30 अंशांना 54 × 2.25, म्हणजे 121.5 दिवस, उत्तरात 121 लिहा, कारण टिकाऊपणाचा आकडा वर ढकलायचा नसतो. 3.375 ने गुणलं असतं तर 182 दिवस आले असते. म्हणजे दोन महिने खवट चकली विकायची. शिवाय 182 हे 25 अंशांचं उत्तर आहे, त्यामुळे आकडा बघून शंकाही येत नाही.

35 अंश विचारले की 54 आणि 121.5 यांची सरासरी काढून 88 लिहितात. इथे रेषा सरळ नसते. 2.25 चा घात 0.5 म्हणजे 1.5, म्हणून 54 × 1.5 = 81.

‘क्यू-टेन साधारण 2 असतो’ हे पाठांतर दिलेले आकडे समोर असताना वापरू नका.

थंड केल्यावर दिवस कमी आले, तर गुणाकाराच्या जागी भागाकार झालाय.

अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी विचारली की तापमान केल्विनमध्येच घ्यायचं. फरक काढताना सेल्सिअस चालतं, म्हणून इथेही चालेल असं वाटतं, आणि तिथेच घसरतात. 30 ते 40 अंशांसाठी:

```
Ea = R × ln(Q10) × T1 × T2 / 10
   = 8.314 × 0.811 × 303 × 313 / 10
   ≈ 64 kJ/mol
```

303 आणि 313 च्या जागी 30 आणि 40 टाकले तर जेमतेम 0.8 येतं. खवटपणासाठी एवढी लहान किंमत दिसली की मागे वळून तापमान तपासा. कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log दाबलं तर उत्तर 28 च्या आसपास येतं, आणि ते खरं वाटतं म्हणून जास्त फसवतं.

शेवटच्या दोन मार्कांचा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात: हे 121 दिवस जुलैत खरे ठरतील का? गणित तेलाच्या ऑक्सिडेशनचं आहे. पावसाळ्यात पाकिटातून ओलावा आत शिरला तर चकली खवट व्हायच्या आधीच सादळते, आणि त्याचा वेग पाकिटाच्या फिल्मवर आणि बाहेरच्या आर्द्रतेवर ठरतो. कोरड्या ओव्हनमधल्या चाचणीत हे दिसतच नाही. चॉकलेटचं तर 40 अंशांना कोको बटरच वितळलेलं असतं. तिथून 25 अंशांवरच्या ब्लूमचा, म्हणजे चॉकलेटवर येणाऱ्या पांढुरक्या थराचा, अंदाज काढायचा नाही. जो बिघाड आधी होतो, त्याचे दिवस पाकिटावर छापायचे.