टीव्हीवरचे संवाद ऐकू येईनात, तेव्हा

रात्री सिनेमा बघताना आईला संवाद कळत नसत. आवाज वाढवला की गाणी आणि मारामारी अंगावर येई. आता तिला सबटायटल लागत नाहीत.

आधी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये नाइट मोड चालू केला. तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज वर आणतो, त्यामुळे कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर कमी होतं. तरीही बोलणं घुमतच होतं, कारण आमचा टीव्ही भिंतीला चिकटून आहे आणि तिथे खर्ज फुगतो.

म्हणून इक्वलायझर उघडला, त्यात जाड आणि बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. खर्जाची, म्हणजे १०० हर्ट्झची पट्टी ४ ने खाली घेतली. ‘त’, ‘क’ अशी व्यंजनं स्पष्ट करणारा भाग साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा, म्हणून ३ किलोहर्ट्झची पट्टी ३ ने वर नेली. १० किलोहर्ट्झला हात लावू नका, ‘स’ कानाला टोचायला लागतो. तपासायला बातम्या लावा, त्यात नुसतं बोलणं असतं.

काही टीव्हींमध्ये इक्वलायझर फक्त स्टँडर्ड मोडमध्येच उघडतो. आणि मुळातच संगीताखाली दडपलेला संवाद यानेही पूर्ण सुटत नाही. दिवसा गाणी ऐकताना मात्र मी नाइट मोड बंद करते, त्यात तबल्याची थाप सपाट होते.