पानांचे सांधे जुळवताना

एका पुस्तकाच्या २४ पानांचे फोटो बघून मी सलग मजकूर टाइप केला. वाचायला बसले तर एक वाक्य असं: ‘पाऊस थांबल्यावर तो नदीच्या ४७ प्रकरण तिसरे काठाने चालू लागला.’ पानाचा आकडा आणि पुढच्या पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव थेट वाक्यात घुसलं होतं.

मी ‘प्रकरण तिसरे’ शोधून सगळीकडून उडवलं. प्रकरणाच्या सुरुवातीचं खरं शीर्षकही त्यात गेलं! ते परत घेतलं आणि प्रत्येक सांध्यावर @@४७@@ अशी खूण ठेवली. आकडे लगेच पुसले नाहीत हे बरंच झालं, कारण ५३ नंतर थेट ५५ दिसला. मधल्या पानाचा फोटोच राहिला होता.

मग एकेक सांधा पाहिला. वाक्य अपुरं असेल तर पुढची ओळ त्याच परिच्छेदात घेतली. ‘स्वातं-’ आणि ‘त्र्य’ जोडताना रेघ काढली, ‘आई-’ आणि ‘वडील’ जोडताना ठेवली. पान पूर्णविरामाने संपत असेल तर पुढची पहिली ओळ आत सरकलेली आहे का, एवढं बघायचं. सरकलेली असेल तर नवा परिच्छेद. खुणा सगळ्यात शेवटी काढल्या.

वॉटरमार्क सोपा होता, प्रत्येक पानावर तोच फिकट मजकूर. तो सोडून दिला. शिक्क्याने मात्र दमवलं. त्यातली अक्षरं नकोत, पण त्याखालची हवीतच. रंगीत फोटो मोठा केल्यावर जांभळ्या शाईखालची काळी अक्षरं वेगळी ओळखू आली. कृष्णधवल प्रतीत दोन्ही एकच दिसत होती. तरीही न लागलेल्या दोन शब्दांच्या जागी अंदाज न करता [अस्पष्ट] लिहिलं.