जे-कट, एल-कट मारूनही संवाद तुटतोय? या चुका टाळा

शॉर्टफिल्म एडिट करणाऱ्या बऱ्याच जणांचं असं होतं की जे-कट आणि एल-कट म्हणजे काय ते पाठ असतं, टाइमलाइनवर मारलेलेही असतात, आणि तरी सीनमधली दोन माणसं बोलायला लागली की कटाकटाला आवाज भक्कन बदलतो. मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच करत होतो आणि दोष माइकला देत होतो.

ज्यांना नुसतं नावच माहितीये त्यांच्यासाठी पटकन: पुढच्या माणसाचा आवाज आधी आला आणि चित्र नंतर, तर तो जे-कट. चित्र पुढच्याचं आलं पण आवाज मागच्याचाच चालू राहिला, तर एल-कट. टाइमलाइनवर चित्र वर आणि आवाज खाली असतो, त्यामुळे क्लिपचा आकार त्या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो म्हणून ही नावं, बाकी काही गूढ नाही.

आता काही दुरुस्त करायच्या आधी एक टेस्ट करा. हेडफोन लावा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा आणि डोळे मिटून सीन ऐका. डोळे मिटलेले असतानाही कट कळला, तर तुमचा प्रॉब्लेम आवाजाचा आहे, चित्राचा कट कितीही पुढेमागे केलात तरी तो जाणार नाही. डोळे मिटून सगळं गुळगुळीत वाटलं आणि डोळे उघडल्यावर झटका बसला, तर आवाज ठीक आहे, चित्र चुकीच्या जागी कापलंय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि आपण एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतो.

एक सीन घेऊन सांगतो, म्हणजे हवेत राहणार नाही. स्वयंपाकघर, आई तव्यावर भाकरी उलटतेय, मुलगा दारात उभा. मुलगा म्हणतो, "आई, मी ते पुण्याचं कॉलेज घेत नाहीये." आई थांबते, मग म्हणते, "भाकरी गार होतेय." बस, दोनच वाक्यं. टाइमलाइन २५ फ्रेम्सची, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची.

पहिल्यांदा जोडताना सगळे करतात तेच मी केलं, मुलगा बोलून संपला की कट, आई दिसली, आई बोलली. डोळ्यांना ते टेबल टेनिससारखं वाटत होतं, टिक-टॉक टिक-टॉक. मग मी आवाजाची क्लिप पकडून ओढायला लागलो. पहिली चूक हीच. एल-कट करायचा म्हणून आवाज हलवायचा नाही. आधी नुसत्या आवाजाचा सीन लावून घ्यायचा, रेडिओवर लागल्यासारखा, कोण किती थांबतं, कोण कुणाचं वाक्य तोडतं ते सगळं त्यात ठरवायचं, आणि मग आवाजाला हात न लावता फक्त चित्राचा कट डावीकडे किंवा उजवीकडे रोल करायचा. प्रीमियरमध्ये `N` दाबून रोलिंगचं टूल घ्या आणि `Alt` धरून (मॅकवर `Option`) फक्त व्हिडिओचा कट ओढा. रिझॉल्व्हमध्येही `Alt` धरला की चित्र आणि आवाज तेवढ्यापुरते वेगळे होतात. रोल केल्यावर सीनची लांबी बदलत नाही आणि सिंक तुटत नाही, कारण एका क्लिपचं जेवढं कमी होतं तेवढंच शेजारच्या क्लिपचं वाढतं, जागचं काहीच सरकत नाही.

याउलट लोक काय करतात, `Linked Selection` बंद करतात आणि ते परत चालू करायला विसरतात. अर्ध्या तासाने कुठली तरी क्लिप एकटीच तीन-चार फ्रेम सरकते आणि ओठ वेगळे, शब्द वेगळे. क्लिपवर लाल रंगात छोटा आकडा दिसायला लागला तर समजायचं की सिंक गेलाय, तो आकडा म्हणजे किती गेलाय ते. तो दिसल्या दिसल्या दुरुस्त करा, नंतर एवढ्या क्लिप्समध्ये शोधत बसावं लागतं.

तर मी चित्राचा कट साधारण १८ फ्रेम डावीकडे रोल केला. आता मुलगा "पुण्याचं कॉलेज" म्हणेपर्यंत आपण मुलाला बघतो, आणि "घेत नाहीये" हे आईवर ऐकू येतं. "नाहीये" कानावर पडतं त्या क्षणी तिचा भाकरी उलटणारा हात थांबतो. १८ हा आकडा पाठ करू नका हां, तो हात थांबण्यावरून आलाय. कट कुठे न्यायचा हे समोरच्याला बातमी कोणत्या शब्दावर कळते त्यावरून ठरतं. काही जण प्रत्येक कटाला मोजून १० फ्रेमचा एल-कट देतात आणि मग म्हणतात की फ्लो येत नाही. कसा येणार, टिक-टॉक तसंच राहिलं, फक्त १० फ्रेम आधी वाजतंय.

एक मर्यादा इथे आडवी येते. चित्र डावीकडे रोल करायला आईच्या क्लिपमध्ये तिच्या वाक्याच्या आधीचं चित्र असायला लागतं, आणि त्यात ती ऐकत असायला लागते. शूटला आईचा क्लोजअप घेताना डायरेक्टरने "ॲक्शन" म्हटल्या म्हटल्या थेट तिचं वाक्य घेतलं असेल तर तुमच्याकडे रिॲक्शनच नाही. जे-कट करताना उलटी काळजी, मुलगा जास्त वेळ धरून ठेवला आणि त्या जास्तीच्या तुकड्यात त्याचे ओठ हलतायत, तर प्रेक्षकाला आईचा आवाज मुलाच्या तोंडून आल्यासारखा दिसतो.

इथवर चित्र जमलं. डोळे मिटून ऐकलं तर भक्कन आवाज आहे तिथेच होता. दुसरी चूक, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त सीन इथेच बिघडतात: एल-कट मारला म्हणजे मागचा आवाजही आपोआप झाकला जाईल असं समजणं. मुलाचे शॉट्स सकाळी पंखा बंद करून घेतलेले, आईचे जेवणानंतर घेतलेले, तेव्हा उकाड्याने सगळे हैराण म्हणून शेजारच्या खोलीतला पंखा चालूच राहिला, वर फ्रिजची घरघर. म्हणजे मुलाचं वाक्य संपलं की शांत खोली संपते आणि गरगरणारी खोली सुरू होते, आणि ती नेमकी आईच्या गप्प राहण्यात सुरू होते. शांततेत तर छोटासा बदलसुद्धा उघडा पडतो.

उपाय असा की खोली बदलायची तर कुणीतरी बोलत असताना बदलायची. जवळचा मोठा आवाज मागच्या बारीक आवाजाला झाकतो, त्यामुळे पंख्याची घरघर मुलाच्या "कॉलेज घेत नाहीये"च्या खाली हळूहळू शिरली तर कान ती पकडत नाही, वाक्य संपेपर्यंत घरघर आधीच तिथे असते.

मग मी आईच्या क्लिपचा आवाज डावीकडे वाढवला आणि फेड दिला. ऐकलं तर मुलगा विहिरीतून बोलल्यासारखा. तिसरी चूक. आईचा क्लोजअप चालू असताना मुलाचं काम करणारा नट कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून तिला तेच वाक्य क्यू म्हणून देत होता, आणि आईच्या माइकने ते लांबून उचललं होतं. म्हणजे एकच वाक्य दोनदा, थोडं मागेपुढे. आवाजाची क्लिप वाढवल्यावर आवाज घुमल्यासारखा किंवा डबल वाटला की आधी ती एकटी सोलो करून ऐका, दहातले नऊ वेळा क्यूच सापडेल.

म्हणून क्लिप वाढवायची नाही, त्याच सेटअपची रिकामी खोली वेगळी आणायची, ज्याला साउंडवाले रूमटोन म्हणतात. सेटवर ३० सेकंद सगळ्यांना गप्प बसवून रेकॉर्ड केला असेल तर सोन्याहून पिवळं, पण आपल्याकडे लंच ब्रेकची घाई असते, कोण गप्प बसतंय. नसेल तर "ॲक्शन"च्या आधीचे किंवा "कट"च्या आधीचे दीड-दोन सेकंद शोधा, तिथे नट गप्प असतात. मला आईच्या तिसऱ्या टेकच्या सुरुवातीला दोन सेकंद मिळाले. तो तुकडा तिसऱ्या ट्रॅकवर मुलाच्या वाक्याखाली ठेवला, १५ फ्रेमचा फेड-इन दिला, आणि त्याचं शेवटचं टोक आईच्या स्वतःच्या आवाजाच्या सुरुवातीशी क्रॉसफेडने जोडलं. आईचा स्वतःचा आवाज क्यू संपल्यानंतरच सुरू केला. भक्कन गेलं.

पण पुढे सीन परत मुलावर जातो तेव्हा पंखा एकदम बंद! म्हणून शेवटी तीच घरघर मुलाच्या सगळ्या शॉट्सखालीही पसरली. गोंगाट काढण्यापेक्षा घालणं सोपं असतं. काहीजण फक्त आईच्या क्लिप्सना नॉइज रिडक्शन जोरात लावतात, त्याने गप्प असताना खोली मरते आणि ती बोलली की शब्दांभोवती घरघर परत जिवंत होते, ते आणखी वाईट. थोडंसं लावा, उरलेलं रूमटोनने भरा. दोन सेकंदांचा तुकडा लूप करताना त्यात एखादा हॉर्न किंवा भांड्याचा टण्ण नाही ना ते बघा, नाहीतर दर दोन सेकंदांनी तोच टण्ण वाजतो. आणि जोडांना क्रॉसफेड द्या. दोन वेगवेगळ्या खोल्यांचे आवाज जोडताना प्रीमियरमधला `Constant Power` घ्या, `Constant Gain`ने मध्ये आवाज किंचित खाली बसल्यासारखा होतो.

फेडवरून आठवलं, शब्दाच्या डोक्यावर फेड टाकू नका. "हो"मधला ह आणि "सांग"मधला स आधी हळू सुरू होतात, लांब फेड ते खातो आणि "ओ", "आंग" ऐकू येतं. प, त, क अशा अक्षरांच्या आधी तोंडातली हवा क्षणभर अडलेली असते, तिथे एक-दोन फ्रेमचा फेड आरामात बसतो. आणि बोलण्याआधीचा श्वास हा वाक्याचाच भाग, तो कचरा समजून कापला की माणूस अचानक स्विच दाबल्यासारखा बोलायला लागतो. खरं तर जे-कटची सगळ्यात सोपी जागा तीच, ऐकणाऱ्यावर असताना बोलणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, मग चित्र येतं, आणि प्रेक्षकाला वाटतं आपणच मान वळवली.

या सीनमध्ये "भाकरी गार होतेय"ला मी जे-कट देऊन बघितला, म्हणजे वाक्य मुलाच्या चेहऱ्यावर. नाही जमलं. तिने गिळलेला राग तिच्याच तोंडावर दिसत होता, तिथे तीच हवी होती. मात्र त्या वाक्याचा शेवटचा "होतेय" मुलावर टाकला, कारण आई विषय टाळतेय हे त्याला तिथे कळतं आणि त्याची नजर खाली जाते. आता तिथेही डोळे मिटून ऐकलं तर कट सापडत नाही, फक्त फोनच्या स्पीकरवर तपासू नका, त्यावर ती पंख्याची घरघर मुळात ऐकूच येत नाही.