घर कॅम्पात आहे की कॉर्पोरेशनमध्ये? पुण्यात नक्की कुणाच्या दारात जायचं ते कसं शोधायचं

माझ्या मावसभावाला कॅम्पातलं आजोबांचं जुनं घर स्वतःच्या नावावर करून घ्यायचं होतं. हा पठ्ठ्या आधी महापालिकेच्या टॅक्स ऑफिसात गेला, मग तलाठ्याकडे सातबारा मागायला, मग सिटी सर्व्हेत प्रॉपर्टी कार्ड शोधायला, आणि तिन्हीकडून हात हलवत परत आला. शेवटी कुणीतरी म्हणालं, अरे बाबा ते घर कँटोन्मेंटचं आहे, महापालिकेचा तिथे काय संबंध. त्याचा दीड महिना गेला, तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

पुण्यात एक नाही, तीन कँटोन्मेंट आहेत. पुणे कॅम्प, खडकी आणि देहूरोड. पहिले दोन १८१७ पासूनचे म्हणजे पेशवाई संपायच्या काळातले, देहूरोड १९५८ चं. आजूबाजूला महापालिकेची हद्द आणि मधे ही वेगळी बेटं. इथे रस्ते, कचरा, दिवे, पाणीवाटप, शाळा, दवाखाना हे सगळं कँटोन्मेंट बोर्ड बघतं आणि बोर्ड येतं केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखाली, २००६ च्या कँटोन्मेंट कायद्याप्रमाणे. अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो, स्टेशन कमांडर, आणि रोजचा कारभार सीईओ चालवतो जो डिफेन्स इस्टेट्स सर्व्हिसचा असतो. लोकांनी निवडलेले सदस्य पूर्वी होते, पण त्यांची मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली आणि तेव्हापासून निवडणूकच नाही, २०२३ मध्ये तारीख जाहीर झाली आणि रद्दही झाली. त्यामुळे "आमच्या नगरसेवकाला सांगतो" हा पुणेरी उपाय इथे चालत नाही.

आधी हद्द ओळखा

इथेच लोक फसतात. पिनकोडवर अजिबात जाऊ नका. ४११००१ कॅम्पालाही आहे आणि कोरेगाव पार्कलाही, पण कोरेगाव पार्क महापालिकेत. मतदारसंघाच्या नावावरही जाऊ नका, "पुणे कँटोन्मेंट" विधानसभा मतदारसंघात महापालिकेचा बराच भाग येतो, म्हणजे तुमच्या मतदार कार्डावर कँटोन्मेंट लिहिलंय म्हणून तुमचा कचरा कँटोन्मेंट उचलतं असं नाही. वानवडी, घोरपडीसारख्या भागात तर नाव एकच आणि हद्द दोन्हीकडची.

खात्रीचं ओळखपत्र म्हणजे घरपट्टीचं बिल. वर बोर्डाचं नाव आहे की महानगरपालिकेचं, बस, विषय संपला. बिल सापडत नसेल तर पाणीबिल बघा किंवा शेजाऱ्याला विचारा, त्याच्याकडे पावती असतेच. आणि कागदात नुसता सर्व्हे नंबर बघून निष्कर्ष काढू नका, कारण कँटोन्मेंटच्या जमिनींनाही स्वतःचे सर्व्हे नंबर असतात.

मग जीएलआर काढा

ही खरी महत्त्वाची पायरी. कँटोन्मेंटच्या जमिनीला सहसा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड नसतं, तिथे जमिनीची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये असते, सगळे त्याला जीएलआर म्हणतात. तो दोन ठिकाणी ठेवलेला असतो. बाजार-वस्तीचा भाग म्हणजे सिव्हिल एरिया असेल तर बोर्डाच्या ऑफिसात, आणि बाहेरचा बंगल्यांचा भाग असेल तर डिफेन्स इस्टेट्स ऑफिसात, म्हणजे डीईओकडे. माझ्या भावाला हे माहीत नव्हतं म्हणून तो बोर्डात गेल्यावर आणखी एक चक्कर पडेल का अशी भीती होती, पण त्याचं घर सदर बाजारातलं असल्यामुळे बोर्डातच काम झालं.

उताऱ्यात जमिनीचा वर्ग बघा. ए वर्ग लष्कराचा, त्यात आपलं काही नाही. सी वर्ग बोर्डाच्या ताब्यातला, रस्ते-गटारं वगैरे. आपल्याला हवा असतो तो बहुतेक बी-३, म्हणजे खाजगी माणसाच्या ताब्यात असलेली पण जिच्यात केंद्र सरकारने आपले मालकी हक्क राखून ठेवलेत अशी जमीन. पुढे हक्काचा प्रकार लिहिलेला असतो, लीज की ओल्ड ग्रँट. लीज असेल तर मुदत कधी संपते आणि अटी काय ते बघा. ओल्ड ग्रँट असेल तर नीट समजून घ्या, जमीन सरकारची, वरचं बांधकाम तुमचं, आणि सरकारला हवं तेव्हा नोटीस देऊन बांधकामाची भरपाई देऊन ती परत घेता येते. भावाच्या उताऱ्यात ओल्ड ग्रँट निघालं. घरात सगळे "आपली जागा, आपली जागा" करत होते आणि कागदावर जागा आपली नव्हतीच, फक्त भिंती आणि छप्पर.

घर विकत घेणाऱ्याने तर टोकन देण्याआधीच हा उतारा मागावा. खरेदीखत सबरजिस्ट्रारकडेच नोंदवायचं, स्टँप ड्यूटी राज्याचीच, त्यामुळे खरेदीखत झालं की सगळं झालं असं वाटतं, पण जीएलआरमध्ये नाव लागेपर्यंत काम अर्धंच. आणि बोर्डाने घरपट्टीचं बिल तुमच्या नावाने काढलं म्हणजे मालकी मान्य केली असंही नाही, ती पट्टी वसूल करण्यापुरती नोंद असते. हे दोन्ही गोंधळ मी स्वतः अनेकांच्या तोंडून ऐकलेत.

दुरुस्ती किंवा मजला चढवायचा असेल तर परवानगी बोर्डाकडे, महापालिकेकडे नाही, आणि अर्ज करताना जमिनीचा वर्ग पुन्हा आडवा येतोच. परवानगीशिवाय बांधलं तर पाडायची नोटीसही बोर्डच काढतं.

बाकी कामं कुणाकडे

जन्म-मृत्यू दाखला, घरपट्टी, पाणीबिल, दुकानाचं ट्रेड लायसन्स ही बोर्डाची कामं, आणि बरीचशी echhawani.gov.in वरून होतात, तिथे आधी आपलं कँटोन्मेंट निवडायचं. दाखला काढताना जन्म कुठे झाला ते बघा, राहता कुठे ते नाही. कॅम्पात राहणाऱ्या बाळाचा जन्म पेठेतल्या हॉस्पिटलात झाला असेल तर दाखला महापालिकेचाच. पोलिस मात्र शहराचेच, कॅम्प-खडकीला पुण्याचे आणि देहूरोडला पिंपरी-चिंचवडचे, वीज महावितरणची, रेशन राज्याचं, बस पीएमपीची. म्हणजे चोरी झाली तर बोर्डात जायचं नाही आणि गटार तुंबलं तर पोलिसात जायचं नाही.

अडलं तर माहिती अधिकार, पण इथे एक मेख आहे

बोर्ड केंद्राचं, म्हणून आरटीआयसुद्धा केंद्राच्या नियमाने. आपल्याला राज्याच्या अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावायची सवय असते, इथे ते चालत नाही. पोस्टल ऑर्डर, डीडी किंवा रोख, नाहीतर सरळ rtionline.gov.in वर. राज्याच्या आरटीआय साइटवर हे ऑफिस शोधत बसू नका. अर्जाला ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर पहिलं अपील, तेही ३० दिवसांच्या आत, आणि दुसरं दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. राज्य आयोगाकडे पाठवलेलं अपील चुकीच्या ठिकाणी गेलेलं असतं आणि तोवर दिवस पळतात. प्रश्न विचारताना "माझ्या अर्जाचं काय झालं" असं मोघम नको, "अमुक तारखेच्या अमुक अर्जावरच्या टिपणीची प्रत द्या" असं मागा.

कँटोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घ्यायची चर्चा अधूनमधून तापते. हिमाचलमधलं खास योल २०२३ मध्ये असं बाहेर पडलंही. पण अशा बातमीवर विसंबून भावाने अर्ज थांबवला नाही ते बरं केलं. नावबदलाची फाइल आता बोर्डात आहे, पावती त्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलीय आणि मूळ प्रत मावशीच्या कपाटात.